फी किती जमली, खर्च किती झाला: स्पर्धेच्या हिशोबाचा ईमेल क्लबला कसा लिहावा

डिसेंबरातल्या एका रविवारी रात्री आमची बॅडमिंटन स्पर्धा संपली आणि बुधवारपर्यंत माझ्यापुढे तीन आकडे येऊन उभे राहिले. नोंदणीची वही सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, फी ५१,६०० झाली. सरचिटणीस पासबुक भरून आले होते. ते म्हणाले, स्पर्धेआधी खात्यात होते त्यापेक्षा आज २६० रुपये कमी आहेत, म्हणजे आपण घाट्यात गेलो. आणि माझ्या कागदावर २,९१० रुपये शिल्लक दिसत होते.

गंमत अशी की तिघांचेही आकडे बरोबर होते.

मी इंदूरच्या एका छोट्या क्लबचा खजिनदार आहे. कागदोपत्री 'मानद कोषाध्यक्ष', म्हणजे बिनपगारी. नोकरी सांभाळून रात्री जेवण झाल्यावर हे काम चालतं. स्पर्धेनंतर सगळ्या सभासदांना हिशोबाचा ईमेल पाठवायचा असतो, आणि तो लिहिताना खरी अडचण बेरजेची नसते. अडचण असते ती वेगवेगळ्या माणसांच्या हातात वेगवेगळे आकडे असण्याची. एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याच्या आकड्यापर्यंत कसं जायचं हे ज्या ईमेलमध्ये दिसत नाही, त्यावर आठवडाभर चर्चा चालते. दिसलं, तर दोन-चार शंकांत विषय संपतो. खाली ती वाट माझ्या त्याच स्पर्धेच्या आकड्यांवर दाखवतो.

आधी तारीख गोठवा

हिशोबाला बसण्यापूर्वी एक तारीख ठरवा आणि तिच्या पुढचं काहीही त्या हिशोबात घेऊ नका. मी बुधवार, १७ डिसेंबरची रात्र धरली. गुरुवारी सकाळी कुणी राहिलेली फी पाठवली तरी ती पुढच्या पत्रात जाईल. हे केलं नाही तर लिहिता लिहिता आकडा हलतो. सकाळी केलेल्या बेरजेत संध्याकाळी आलेले ४०० मिसळतात, आणि मग पासबुकाशी मेळ बसेना म्हणून रात्री बारापर्यंत शोधत बसावं लागतं.

फार उशीरही नको. स्पर्धा संपल्यापासून चार-पाच दिवसांत पत्र गेलं पाहिजे. त्यानंतर लोक स्वतःच हिशोब मांडू लागतात, तोही पोहे खाता खाता.

फीचे तीन आकडे असतात

पहिला आकडा नोंदणीचा. आमच्याकडे एकेरीच्या ६० नोंदी होत्या, फी ४०० रुपये. दुहेरीच्या २८ जोड्या, जोडीला ७०० रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या ३२ नोंदी, फी २५० रुपये. २४,००० अधिक १९,६०० अधिक ८,००० म्हणजे ५१,६००. ताईंचा आकडा हाच. ही झाली यायला हवी असलेली फी.

दुसरा आकडा हातात आलेल्या पैशांचा. यूपीआयने ४२,६५० आले आणि रोख ७,७५०. यूपीआयमधून ८०० परत केले, कारण एकेरीच्या दोघांनी ड्रॉ काढण्यापूर्वी नाव मागे घेतलं होतं. उरले ४९,६००.

तिसरा आकडा या पैशांपैकी खरोखर क्लबच्या मालकीच्या पैशांचा. एका खेळाडूने एकेरीची फी दोनदा पाठवली होती. पहिल्यांदा ॲपने 'प्रक्रिया सुरू आहे' असं दाखवलं, त्याला वाटलं पैसे गेले नाहीत, म्हणून त्याने पुन्हा पाठवले. ते ४०० आपल्या खात्यात असले तरी आपले नाहीत, परत द्यायचे आहेत. ते वजा केले की ४९,२०० उरतात. ईमेलमध्ये 'जमलेली फी' म्हणून हाच आकडा जातो.

आता पहिल्यावरून तिसऱ्यावर कसं यायचं ते ओळीने लिहा. ५१,६०० मधून प्रशिक्षकांच्या दोन मुलांची माफ केलेली फी ५०० गेली, नाव मागे घेतलेल्यांचे ८०० गेले, आणि अजून न आलेले १,१०० गेले (दुहेरीची एक जोडी आणि एकेरीचा एक खेळाडू). राहिले ४९,२००. या तीन ओळी लिहिल्या की ताईंची वही आणि तुमचा आकडा यांच्यातलं भांडण मिटतं. माफीची ओळ लपवू नका. समितीने ठरवलेली माफी असेल तर तसं लिहावं, आणि ठरवलेली नसेल तर ती माफी नव्हेच, ती थकबाकी.

नोंदणीची यादी स्प्रेडशीटमध्ये असेल तर हे सगळं मोजायला दहा मिनिटं लागतात. एका नोंदीला एक ओळ. स्तंभ असे ठेवा: A मध्ये नाव, B मध्ये गट, C मध्ये देय फी, D मध्ये मिळालेली रक्कम, E मध्ये मार्ग (यूपीआय की रोख), F मध्ये व्यवहार क्रमांक. मग एवढी सूत्रं पुरतात:

```
=SUM(C2:C121)
=SUMIFS(D2:D121,E2:E121,"यूपीआय")
=SUMIFS(D2:D121,E2:E121,"रोख")
=COUNTIF(F$2:F$121,F2)>1
```

शेवटचं सूत्र एका रिकाम्या स्तंभात लिहून खाली ओढा. एकच व्यवहार क्रमांक दोन नोंदींपुढे लागला असेल तर तिथे TRUE येतं. हे दिसतं तेवढं दुर्मीळ नाही. दोन भाऊ खेळतात, वडील एकदाच २५० पाठवतात आणि तोच स्क्रीनशॉट दोन्ही मुलांच्या नावाने येतो. बहुतेक वेळा गफलतच असते, लबाडी नसते. पण स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे हे डोक्यात ठेवा. पुरावा म्हणजे बँकेच्या खातेउताऱ्यातली ओळ. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा आकडी असतो आणि उताऱ्यातही येतो, त्यावरूनच जुळवायचं. तो स्तंभ आधीच 'मजकूर' प्रकारचा करून ठेवा, नाहीतर सुरुवातीचं शून्य गळून जातं.

दोनदा आलेली फी मात्र या सूत्राला सापडत नाही, कारण दोन्ही वेळचे क्रमांक वेगळे असतात. ती सापडते उलट्या दिशेने. खातेउताऱ्यातल्या जमेच्या ओळी घ्या, एकेक ओळ यादीतल्या नावाशी जोडा आणि टिक करत जा. शेवटी जी ओळ बिनटिकेची उरते, ती एक तर दुबार भरणा असते किंवा कुणाच्या बायकोच्या, नाहीतर मामाच्या खात्यातून आलेली फी.

रोख रकमेबद्दल एकच नियम, पण तो कडक आहे. फीची रोख जशी आली तशी, पूर्णच्या पूर्ण, बँकेत भरायची. टेबलावरच्या डब्यातून चहावाल्याला ३०० दिले, बर्फाला ८० दिले असं झालं की फीही कमी दिसते आणि खर्चही कमी दिसतो, आणि दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. बेरीज जुळते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. किरकोळ खर्चासाठी वेगळी उचल द्या.

खर्चात काय धरायचं आणि काय नाही

इथे चुकतं ते बहुतेक एकाच कारणाने: खात्यातून गेला तो खर्च, आणि गेला नाही तो खर्च नाही, असं धरलं जातं. दोन्ही बाजूंनी ते चूक आहे.

हॉलचं उदाहरण घ्या. चार कोर्ट, रोज नऊ तास, दोन दिवस, म्हणजे ७२ कोर्ट-तास. तासाला २५० प्रमाणे भाडं १८,०००. शिवाय हॉलवाल्यांनी ५,००० अनामत घेतली होती. खात्यातून २३,००० गेले, पण खर्च १८,००० च. अनामत परत यायची आहे, ती दुसऱ्याकडे ठेवलेली आपलीच रक्कम आहे. काही कापून घेतलं तर तेवढाच भाग त्या दिवशी खर्च होईल.

शटलचंही तसंच. प्रत्येकी ११५० ला सोळा डबे आणले, १८,४०० गेले. तीन डबे सीलबंद उरले. ते पुढच्या महिन्यात सरावाला वापरले जाणार, म्हणून स्पर्धेच्या माथी तेरा डबेच, म्हणजे १४,९५०. सील फोडलेला अर्धा डबा मात्र मी वापरलेल्यातच धरतो, उगाच फुलं मोजत बसत नाही.

शटलवर हमखास बोट ठेवलं जातं, म्हणून एक पडताळा जवळ ठेवा. बाद पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यात एक खेळाडू किंवा जोडी बाहेर जाते, म्हणून एका गटात जितक्या नोंदी, त्याहून एक कमी इतके सामने होतात. आमच्या १२० नोंदींतून दोघे गळाले, राहिले ११८. गट पाच होते: पुरुष एकेरी, महिला एकेरी, दुहेरी, मुलं, मुली. म्हणून सामने ११३. तेरा डब्यांतली १५६ शटल भागिले ११३ म्हणजे सामन्याला दीडच्या आत. पिसाच्या शटलसाठी हे रास्त आहे. हाच आकडा तीन-चारवर गेला असता तर मीच आधी विचारलं असतं, की डबे गेले कुठे?

उलट बाजूचं उदाहरण ट्रॉफ्यांचं. विजेते आणि उपविजेते मिळून १२ ट्रॉफ्या, ६५० ची एक. उपांत्य फेरीत हरलेल्यांना १२ पदकं, ९० चं एक. बिल ८,८८०. आगाऊ ४,००० दिले होते, उरलेले ४,८८० दुकानदाराला अजून द्यायचे आहेत. म्हणून खर्च ४,००० होत नाही. ट्रॉफ्या घरोघरच्या शोकेसमध्ये जाऊन बसल्या आहेत; खर्च ८,८८० च धरायचा.

बाकीचे खर्च सरळ होते. चार पंचांना दोन दिवसांचं मानधन, दिवसाला ७०० प्रमाणे ५,६००. पंच आणि कार्यकर्त्यांचा चहा, सकाळचे पोहे-जिलेबी आणि दुपारचं जेवण मिळून ४,३७०. बॅनर आणि गुणपत्रिकांची छपाई १,८५०. प्रथमोपचाराचं सामान ६४०. खाण्यापिण्याचे पैसे एका काकांनी खिशातून दिले होते. बिलं घेऊन त्यांना खात्यातून तेवढेच परत केले. अशी रक्कम 'राहू दे रे' म्हणून कुणी सोडली तर तिला खर्चातून गाळू नका. खर्च पूर्ण दाखवा आणि तेवढीच देणगी जमेला दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी ते काका नसतील तेव्हा अंदाजपत्रक चार हजारांनी चुकेल.

सगळ्याची बेरीज ५४,२९०.

एक कबुली इथेच देतो. यायची १,१०० फी मी जमेत धरली नाही, पण द्यायचे ४,८८० खर्चात धरले. आमच्या क्लबमध्ये एक सीए आहेत, त्यांनी लगेच पकडलं, की दोन्हीकडे एकच माप लावा. मला ते पटतं, तरी छोट्या क्लबसाठी मी असंच करतो. दुकानदार पैसे मागायला नक्की येणार आहे, खेळाडू भरायला येईलच असं नाही. फक्त हे माप ईमेलमध्ये एका वाक्यात सांगितलेलं असावं.

पासबुकाशी जोडणारा पूल

फी ४९,२०० आणि खर्च ५४,२९०, म्हणजे ५,०९० ची तूट. एका क्रीडासाहित्याच्या दुकानाने प्रायोजक म्हणून ८,००० दिले होते. ते फीमध्ये मिसळू नका, मी मुद्दाम वेगळे ठेवतो. मिसळले की 'फीमधूनच सगळं भागलं' असा समज होतो आणि पुढच्या वर्षी प्रायोजक मिळाला नाही की फी अचानक का वाढली हे कुणाला कळत नाही. प्रायोजकाचे पैसे धरून २,९१० उरले.

मग खात्यात २६० कमी का? शिल्लक २,९१० पासून सुरुवात करा. दुबार आलेले ४०० अजून खात्यातच आहेत, ते मिळवा: ३,३१०. उरलेल्या तीन डब्यांचे ३,४५० देऊन झालेत, ते वजा करा: उणे १४०. अनामतीचे ५,००० हॉलवाल्यांकडे आहेत, तेही वजा: उणे ५,१४०. ट्रॉफीवाल्याचे ४,८८० अजून दिलेले नाहीत, ते मिळवा: उणे २६०. पासबुक जुळलं.

हा पूल शेवटच्या रुपयापर्यंत जुळला पाहिजे. पन्नासेक रुपयांचा फरक राहिला तर 'किरकोळ' म्हणून सोडावासा वाटतो, पण तो फरक दोन मोठ्या, उलट दिशेच्या चुकांची वजाबाकी असू शकतो. फरकाची रक्कम एखाद्या गटाच्या फीइतकी असेल, म्हणजे २५०, ४०० किंवा ७००, तर एखादी नोंद सुटली आहे. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटसुलट लिहिले गेलेत, जसं ५४० च्या जागी ४५०. आणि फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा. ती जमेच्या जागी खर्चात गेलेली असू शकते.

आता ईमेल

पहिल्या परिच्छेदात उत्तर. जमलेली फी, झालेला खर्च, फरक, आणि तो कुठून भरला. अर्धे सभासद तेवढंच वाचतात, आणि तेही फोनवर. त्यासाठीच ईमेलमध्ये तक्ता नको. फोनवर त्याच्या रेघा विस्कटतात आणि ५४,२९० च्या पुढे पोहे येऊन बसतात. एका ओळीत एक बाब लिहा, तक्ता पीडीएफमध्ये जोडा.

मी पाठवला तो असा होता:

> विषय: डिसेंबर बॅडमिंटन स्पर्धा: जमलेली फी ४९,२००, खर्च ५४,२९० (१७ डिसेंबरपर्यंत)
>
> सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,
>
> १३ आणि १४ डिसेंबरच्या स्पर्धेत फीचे ४९,२०० रुपये जमले आणि एकूण खर्च ५४,२९० रुपये झाला. म्हणजे खर्चाला फी ५,०९० रुपयांनी कमी पडली. प्रायोजकांकडून मिळालेल्या ८,००० रुपयांतून ही तूट भरून निघाली आणि २,९१० रुपये शिल्लक राहिले.
>
> फी: १२० नोंदींची देय फी ५१,६००. त्यातून समितीने माफ केलेली ५००, नाव मागे घेतलेल्यांना परत केलेली ८०० आणि अजून न आलेली १,१०० वजा केली आहे. न आलेली फी वरच्या आकड्यात धरलेली नाही.
>
> खर्च:
> हॉलचं भाडं १८,०००
> शटल, १३ डबे १४,९५०
> ट्रॉफ्या आणि पदकं ८,८८०
> पंचांचं मानधन ५,६००
> चहा-नाश्ता आणि जेवण ४,३७०
> छपाई १,८५०
> प्रथमोपचार ६४०
>
> बँक खात्यात स्पर्धेपूर्वीपेक्षा २६० रुपये कमी दिसतात, ते बरोबर आहे. हॉलची अनामत ५,००० परत यायची आहे आणि शटलचे तीन सीलबंद डबे (३,४५०) कपाटात आहेत. उलट ट्रॉफ्यांचे ४,८८० देणं आहे आणि चुकून दोनदा आलेले ४०० परत करायचे आहेत. हे चारही व्यवहार मिळून शिल्लक आणि पासबुक जुळतं. मांडणी सोबतच्या पीडीएफमध्ये आहे.
>
> समितीने एका गोष्टीचा निर्णय घ्यायचा आहे: पुढच्या वर्षी प्रायोजक मिळाले नाहीत तर हाच खर्च फीमधून निघणार नाही. दुहेरीची फी वाढवायची की पंधरा वर्षांखालच्या गटाचे सामने सरावाच्या वेळेत घेऊन हॉलचे तास कमी करायचे, हे जानेवारीच्या बैठकीत ठरवू.
>
> बिलं आणि व्हाउचर माझ्याकडे आहेत. शनिवारी संध्याकाळी सरावाच्या वेळी फाइल घेऊन येईन. काही शंका असेल तर २८ डिसेंबरपर्यंत याच ईमेलला उत्तर द्या.
>
> आपला,
> मानद कोषाध्यक्ष

या मजकुरातलं एक वाक्य मी पाठवण्याआधी खोडलं. 'सभासदांच्या वर्गणीतला एकही पैसा स्पर्धेला लागलेला नाही' असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. पण खात्यात २६० रुपये कमी असताना तात्पुरती का होईना वर्गणीच वापरली गेली होती. असं एक ऐटीचं वाक्य कुणी पकडलं की खाली जुळलेले आकडेही संशयाने वाचले जातात.

निर्णयाच्या परिच्छेदात नेमके पर्याय द्या. नुसतं 'विचार व्हावा' म्हटलं की कुणीही विचार करत नाही. आणि पत्रात एकच निर्णय मागा. मी एकदा तीन मागितले होते. चर्चा झाली ती फक्त जेवणात कढी होती की नाही यावर.

काय गाळायचं, कुणाला पाठवायचं

थकबाकीदारांची नावं सगळ्यांच्या ईमेलमध्ये नको. रक्कम सांगा, नाव त्या माणसालाच फोन करून सांगा. इथे छावणीपासून सुदामानगरपर्यंत कोण कुणाचा मेव्हणा निघेल सांगता येत नाही, आणि ४०० रुपयांपायी लग्नाच्या पंक्तीत तोंडं फिरतात. माफी मिळालेल्या मुलांची नावंही नको, 'दोन नोंदी' पुरे.

नोंदणीची मूळ शीट जोडू नका. तिच्यात पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या जन्मतारखा आणि पालकांचे फोन क्रमांक असतात. एकूण रकमा आणि पूल असलेलं पीडीएफ जोडा. शीटचा दुवा द्यायचाच तर अध्यक्ष आणि सरचिटणीसांना, आणि फक्त पाहण्यापुरता. कुणी चुकून एक खाना पुसला तरी बेरीज हलते.

पाठवण्याआधी मसुदा अध्यक्ष, सरचिटणीस आणि नोंदणीच्या ताईंना दाखवा. विचारायचं एवढंच: 'तुमच्याकडचा आकडा यात कुठे आहे ते सापडतंय का?' ताईंना ५१,६०० सापडले, सरचिटणिसांना २६० सापडले, आणि पत्र गेलं.

आमच्या क्लबमध्ये निम्मे सभासद हिंदी बोलणारे आहेत. पूर्ण भाषांतर करत बसत नाही. पहिला परिच्छेद तेवढा खाली हिंदीत देतो. आकडे दोन्हीकडे अगदी तेच असावेत. एका वर्षी मी मराठीत सुधारणा केली आणि हिंदीतला जुना आकडा तसाच राहिला. दोन दिवस मला दोन भाषांत खुलासे द्यावे लागले.

चूक सापडली तर, आणि शेवटचं पत्र

पाठवल्यावर चूक सापडली तर गुपचूप नवं पीडीएफ पाठवू नका. त्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहा: कोणती ओळ, आधी काय होतं, आता काय आहे, आणि त्यामुळे शिल्लक किती बदलली. चार ओळी पुरतात. जुनी फाइल ठेवा, नव्या फाइलच्या नावात तारीख घाला. संस्था नोंदणीकृत असेल तर वर्षअखेरीला ऑडिटरही हीच वाट मागतात, मात्र त्यांना ईमेल चालत नाही, त्यांना बिलं आणि व्हाउचरच लागतात.

पहिल्या पत्रात जे 'बाकी' म्हणून लिहिलं होतं, ते मिटलं की दुसरं, छोटं पत्र जायला हवं. बहुतेक खजिनदार इथे आळस करतात. मीही दोन वर्षं केला. आमचं दुसरं पत्र जानेवारीत गेलं. दुहेरीच्या जोडीचे ७०० आले. एकेरीचे ४०० आले नाहीत, समितीने ते सोडून दिले. हॉलवाल्यांनी फाटलेल्या जाळीचे ३०० कापून ४,७०० परत केले. ट्रॉफीवाल्याचे ४,८८० दिले, दुबार आलेले ४०० परत केले. त्यामुळे शिल्लक २,९१० वरून ३,३१० झाली, कारण ७०० वाढले आणि जाळीचे ३०० गेले. खात्यात मात्र तरीही स्पर्धेपूर्वीपेक्षा १४० कमीच होते.

सरचिटणिसांनी पुन्हा पासबुक पुढे केलं. मी कपाट उघडून सीलबंद तीन डबे दाखवले: ३,४५० वजा ३,३१०. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि एक डबा उचलून कोर्टावर नेला. त्याचे ११५० मी त्याच रात्री सरावाच्या खर्चात टाकले.